कुत्र्याच्या स्मिअरमध्ये रिजनरेटिव्ह अॅनिमिया दिसला, मग हिमोलिसिस म्हणायचं का ब्लीडिंग? नेहमी येणारे प्रश्न

माझा दिवसातला बराच वेळ स्मिअर, म्हणजे काचपट्टीवर पातळ पसरलेलं रक्त, बघत मायक्रोस्कोपला डोळा लावून जातो. रिपोर्ट हातात पडला की पालकांचे आणि नवीन डॉक्टर मंडळींचे जवळपास तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. ज्यांना स्लाइड कधी बघायची नाहीये त्यांनी मधले स्टेन-बिनचे भाग सोडून दिले तरी चालेल, केस मात्र वाचा.

रिपोर्टवर "रिजनरेटिव्ह अॅनिमिया" लिहिलंय. म्हणजे नक्की काय?

लाल पेशी कमी झाल्यात आणि बोनमॅरोला ते कळलंय, एवढंच. मॅरो घाईघाईने नवीन पेशी बाहेर सोडतोय. ह्या कोवळ्या पेशी जुन्यांपेक्षा मोठ्या असतात आणि त्यांच्यात अजून आरएनए शिल्लक असतो त्यामुळे नेहमीच्या स्टेनमध्ये त्या गुलाबी न दिसता निळसर-जांभळट दिसतात, ह्यालाच पॉलिक्रोमेशिया म्हणतात. त्याच पेशी न्यू मिथिलीन ब्लूने रंगवल्या की आत निळ्या जाळीसारखं दिसतं, मग त्यांना रेटिक्युलोसाइट म्हणायचं. पेशी तीच, स्टेन बदलला की नाव बदलतं.

निरोगी कुत्र्याच्या स्मिअरमध्येही एखाददुसरी निळसर पेशी सापडतेच, त्यामुळे एक दिसली म्हणून लगेच रिजनरेशन म्हणायचं नाही. एका मायक्रोलिटरमध्ये किती रेटिक्युलोसाइट आहेत तो आकडा बघायचा. बऱ्याच ठिकाणी ६०,००० च्या वर गेलं की रिजनरेटिव्ह धरतात, काही लॅबची रेषा त्याहून वर असते, तर आपल्या रिपोर्टवर जी रेंज छापलीय तीच बघा.

मग एवढ्यावरून ब्लीडिंग आहे का हिमोलिसिस ते कळतं का?

नाही, आणि घोळ होतो तो इथेच. पॉलिक्रोमेशिया सांगते की मॅरो जागा आहे. जुन्या पेशी गेल्या कुठे, अंगातून बाहेर वाहून गेल्या का अंगातच फुटल्या, ते ती सांगत नाही. दोन्हीत मॅरो तसाच कामाला लागतो.

फरक पडतो तो पेशींबरोबर अजून काय काय गेलं त्यावरून. रक्त बाहेर वाहिलं की पेशी, प्लाझ्मातलं प्रोटीन, लोह सगळं एकदमच जातं, साधारण २ मिली रक्तामागे १ मिलिग्रॅम लोह गेलं असं धरा. हिमोलिसिसमध्ये पेशी मोडतात पण माल घरातच राहतो, लोह परत मॅरोकडे जातं आणि प्रोटीनला कुणी हात लावत नाही. म्हणून मॅरोला कच्चा माल भरपूर मिळतो आणि रिजनरेशन एकदम जोरात दिसतं, स्लाइडवर निळसर पेशींची गर्दी, केंद्रक असलेल्या कोवळ्या लाल पेशी, हॉवेल-जॉली बॉडीजचे गोल ठिपके, लहान-मोठ्या पेशींची सरमिसळ. बाहेर होणाऱ्या ब्लीडिंगमध्येही हे सगळं दिसू शकतं, पण सहसा हात राखून.

तर जोरदार रिजनरेशन हा हिमोलिसिसकडे नेणारा पहिला इशारा, पुरावा नाही. पुरावा मोडलेल्या पेशींच्या आकारात असतो, आणि तो फक्त स्मिअरच दाखवतो.

स्मिअरमध्ये नक्की कुठे बघायचं?

मोनोलेयरमध्ये, म्हणजे जिथे पेशी एका थरात पसरल्यात, काही एकमेकींना जेमतेम टेकतायत पण एकीवर एक चढलेल्या नाहीत असा पट्टा. जाड बाजूला सगळंच गिचमिड दिसतं. टोकाकडे, जिथे स्मिअर पिसासारखा विरत जातो, तिथे प्रत्येक पेशी चपटी होते आणि मधला फिका भाग पुसला जातो.

सुरुवातीच्या दिवसात मी स्वतः ह्यात फसलोय. टोकाला बघितलं, सगळ्या पेशी बिनफिक्या, लिहून मोकळा झालो "स्फेरोसाइट भरपूर". सिनियरनी स्लाइड नुसती दोन-तीन फील्ड आत सरकवली आणि प्रत्येक पेशीच्या मध्ये छान गोल फिका डाग. तेव्हापासून स्फेरोसाइट लिहायच्या आधी मी शेजारच्या पेशींकडे बघतो, त्यांचा मधला भाग फिका दिसतोय ना? त्यांचाही दिसत नसेल तर जागा चुकलीय.

स्फेरोसाइट म्हणजे काय आणि ती एवढी महत्त्वाची का?

कुत्र्याची नॉर्मल लाल पेशी साधारण ७ मायक्रॉनची, दोन्ही बाजूंनी खोलगट तबकडी. मध्ये जाडी कमी म्हणून तो भाग फिका. इम्यून हिमोलिसिसमध्ये, म्हणजे आयएमएचएमध्ये, पेशीच्या भिंतीवर अँटीबॉडी चिकटतात. अशी पेशी प्लीहेतून जाताना तिथल्या मॅक्रोफेज नावाच्या पेशी त्या अँटीबॉडीला धरतात, कधी अख्खी पेशी गिळतात तर कधी भिंतीचा नुसता लचका तोडून तिला सोडून देतात. आतला माल जवळजवळ तेवढाच पण बाहेरची पिशवी लहान झाली, मग पेशी फुगून चेंडू होते, कारण कमी कातड्यात जास्तीत जास्त माल बसवायचा तर गोलच व्हावं लागतं. चेंडूला मध्ये खळगा नाही म्हणून फिका डाग नाही, आणि वरून बघताना ती लहान, गडद, गुळगुळीत कडेची दिसते.

म्हणजे स्फेरोसाइट ही अर्धवट खाल्लेली पेशी आहे. पेशी अंगातच मारल्या जातायत ह्याचा तो उष्टा राहिलेला पुरावा, आणि नुसतं जखमेतून किंवा आतड्यातून रक्त गेलं तर असे लचके तोडायला कुणी बसलेलं नसतं.

आयएमएचएच्या स्लाइडवर एकाच फील्डमध्ये दोन टोकं शेजारी शेजारी दिसतात, इकडे मोठी निळसर कोवळी पेशी, तिकडे तिच्या निम्म्याएवढी वाटणारी गडद लाल गोळी, आणि मध्ये नॉर्मल पेशी अगदी थोड्या. हे दृश्य एकदा डोळ्यात बसलं की लांबूनच ओळखू येतं.

(मांजरात हे जमत नाही. मांजरीच्या लाल पेशीला मुळातच फिका डाग धड नसतो, त्यामुळे तिथे स्फेरोसाइट शोधत बसू नका.)

किती स्फेरोसाइट दिसल्या की मानायचं?

ऑइल इमर्शनच्या, म्हणजे १०० च्या लेन्सखाली, दर फील्डला सरासरी ५ किंवा जास्त दिसत असतील तर ते इम्यून हिमोलिसिसच्या बाजूने चांगलं वजनदार धरतात. ३-४ असतील तर संशय ठेवायचा आणि बाकीचे पुरावे बघायचे. एखादीच दिसली तर मी तरी त्यावर काही ठरवत नाही. आणि एका फील्डवर जाऊ नका, निदान दहा फील्ड मोजा, कारण दिसायला सुंदर अशाच फील्डवर डोळा थांबतो, ही सवय सगळ्यांनाच असते.

मशीनच्या सीबीसीमध्ये एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचं सरासरी आकारमान, नॉर्मल आलाय, पेशी लहान असतील तर तो कमी यायला नको?

हा प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर वरच्याच चेंडूत आहे. स्फेरोसाइट लहान *दिसते*, कारण आपण तिचा व्यास बघतो, पण तिचं आकारमान फारसं घटलेलं नसतं. त्यात कोवळ्या मोठ्या पेशी मिसळल्या की सरासरी नॉर्मल किंवा उलट वरच जाते. मशीन सरासरी सांगतं, आकार सांगत नाही. म्हणून सीबीसीचा कागद कितीही लांबलचक असला तरी स्लाइड बघितल्याशिवाय हा प्रश्न सुटत नाही.

पेशी एकमेकींना चिकटलेल्या दिसतायत, तो हिमोलिसिसचाच पुरावा ना?

चिकटणं दोन प्रकारचं. नाण्यांची चवड लावल्यासारख्या एका ओळीत पेशी, त्याला रुलो म्हणतात, प्रोटीन वाढलं की होतं आणि त्याला फारसा अर्थ नाही. द्राक्षाच्या घडासारखा वेडावाकडा गठ्ठा दिसला तर ते अॅग्लुटिनेशन, म्हणजे अँटीबॉडीने पेशी एकमेकींना बांधल्यात.

फरक करायला सलाइन टेस्ट. काचपट्टीवर ईडीटीए ट्यूबमधल्या रक्ताचा १ थेंब, त्यात नॉर्मल सलाइनचे ४ थेंब, पट्टी हळू हलवून मिसळायचं, कव्हरस्लिप ठेवून मायक्रोस्कोपखाली बघायचं. रुलो असेल तर पेशी सुट्या होतात. गठ्ठे तसेच राहिले तर अॅग्लुटिनेशन. शंका उरली तर पेशी सलाइनमध्ये तीनदा धुवून परत बघायचं, धुतल्यावरही गठ्ठा सुटला नाही तर वादच संपला. नुसत्या डोळ्याने ट्यूबच्या काचेवर दाणे दिसतात तेव्हाही ही टेस्ट करा, कारण दाट रुलोसुद्धा दाणेदार दिसतो.

ब्लीडिंगमध्ये असे घड होत नाहीत.

एखादी केस आकड्यांसकट सांगाल का?

सांगतो. पाच वर्षांची कॉकर स्पॅनियल मादी, पाचेक दिवस मरगळलेली, आदल्या दिवसापासून खाणं बंद, हिरड्या फिक्या आणि त्यावर पिवळसर झाक. अंगावर कुठे जखम नाही, शी नेहमीच्या रंगाची.

पीसीव्ही, म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा, १६ टक्के, कुत्र्यात साधारण ३७ ते ५५ हवा. पीसीव्हीची बारीक नळी फिरवल्यावर वरचा प्लाझ्मा पिवळाधमक. त्याच प्लाझ्माचं प्रोटीन ७.२ ग्रॅम प्रति डेसिलिटर. मी इथेच थांबलो आणि स्लाइडच्या आधीच मनात एक बाजू झुकली, कारण पीसीव्ही निम्म्याहून खाली घालवण्याएवढं रक्त वाहून गेलं असतं तर प्रोटीन ७.२ राहिलंच नसतं.

लाल पेशी २१ लाख, रेटिक्युलोसाइट १४ टक्के. टक्केवारीवर जाऊ नका, पेशीच कमी असल्या की टक्के आपोआप फुगतात. २१ लाखाचे १४ टक्के म्हणजे २,९४,००० प्रति मायक्रोलिटर, हा आकडा खरा, आणि तो भक्कम आहे. एमसीव्ही ७६, नॉर्मलच्या वरच्या टोकाला.

मशीनने पांढऱ्या पेशी ३८,००० दाखवल्या. पण स्लाइडवर १०० पांढऱ्या पेशींमागे २२ केंद्रक असलेल्या लाल पेशी होत्या आणि बरीच मशीन त्यांनाही पांढऱ्यातच मोजतात. म्हणून ३८,००० गुणिले १०० भागिले १२२, झाल्या साधारण ३१,१००. तरीही वाढलेल्याच, आणि त्यात कोवळे बँड न्यूट्रोफिलही होते. इम्यून हिमोलिसिसमध्ये एवढी पांढऱ्या पेशींची वाढ नेहमीचीच, ती बघून लगेच "इन्फेक्शन आहे" म्हणत अँटीबायोटिकवर थांबलात तर मूळ आजार हातातून निसटतो.

आता स्लाइड. मोनोलेयरमध्ये दर फील्डला स्फेरोसाइट १२ च्या वर. मधेच काही रिकाम्या, कड तेवढी राहिलेल्या पेशी, ज्यांना घोस्ट सेल म्हणतात, म्हणजे थोडं फुटणं रक्तवाहिनीतच चालू होतं. घड दिसत होते, सलाइनमध्ये सुटले नाहीत. परजीवी सापडले नाहीत, हाइन्झ बॉडी नाहीत. प्लेटलेट १,८०,०००, म्हणजे त्या कमी पडून आतून कुठे गळतंय असंही नाही.

स्फेरोसाइट, सलाइनमध्ये न सुटणारे घड, पिवळा प्लाझ्मा, शाबूत प्रोटीन, सगळे एकाच दिशेला बोट दाखवतात. रिपोर्टमध्ये लिहिलं, जोरदार रिजनरेटिव्ह अॅनिमिया, इम्यून हिमोलिसिसशी जुळणारा. पुढचं काम, म्हणजे हे कशामुळे सुरू झालं ते शोधायचं आणि औषध ठरवायचं, ते तिच्या डॉक्टरांचं.

ब्लीडिंगवाल्या कुत्र्याची स्लाइड मग कशी दिसते?

त्याच्याच शेजारी ठेवावी अशी एक, नऊ वर्षांचा लॅब्राडॉर, सांधेदुखीसाठी पेनकिलर चालू, शी डांबरासारखी काळी. पीसीव्ही १९, म्हणजे अॅनिमिया जवळपास तेवढाच. पण प्रोटीन ४.६, प्लाझ्मा पाण्यासारखा स्वच्छ. लाल पेशी २८ लाख, रेटिक्युलोसाइट ४ टक्के, म्हणजे १,१२,०००. रिजनरेटिव्ह आहेच, पण कॉकरच्या निम्म्याहून कमी.

स्लाइडवर निळसर पेशी होत्या आणि बाकीच्या लाल पेशी अगदी साध्या, मध्ये फिका डाग असलेल्या. स्फेरोसाइट नाहीत, घड नाहीत, तुकडे नाहीत. ब्लीडिंगची स्लाइड खरं तर *रिकामी* असते, मॅरोचं उत्तर दिसतं पण गुन्ह्याची खूण दिसत नाही, कारण ज्या पेशी गेल्या त्या धडधाकट अवस्थेतच बाहेर गेल्या.

आणि असंच बरेच आठवडे गळत राहिलं तर पेशी लहान आणि फिक्या व्हायला लागतात, मधला फिका भाग एवढा रुंद होतो की पेशी नुसती कडी वाटते. लोह संपत आल्याची ती खूण, आणि हिमोलिसिसपेक्षा अगदी उलट चित्र.

प्रोटीन नॉर्मल म्हणजे ब्लीडिंग नाहीच, असं धरून चालायचं का?

नाही हो, तिथे दोन खड्डे आहेत.

एक वेळेचा. नुकतंच रक्त गेलं असेल तर पहिल्या काही तासात पीसीव्ही आणि प्रोटीन दोन्ही फसवतात. जे उरलं ते तेवढंच दाट असतं, शिवाय प्लीहा आकसून साठवलेल्या पेशी बाहेर ढकलते. अंगातलं पाणी रक्तात ओढलं गेल्यावर खरे आकडे दिसतात, आणि तेव्हा बऱ्याचदा प्रोटीन पीसीव्हीच्या आधी घसरतं.

दुसरा मोठा खड्डा, आतल्या आत ब्लीडिंग. प्लीहेची गाठ फुटली आणि रक्त पोटात साचलं, तर ते बाहेर गेलेलंच नसतं. पुढच्या दोन-तीन दिवसात बरेचसे प्रोटीन आणि बऱ्याच पेशी परत रक्तात ओढल्या जातात, उरलेल्या तिथेच मोडून त्यांचं लोह परत वापरलं जातं. मग प्रोटीन जवळपास नॉर्मल, रिजनरेशन जोरात, कधी बिलिरुबिनही जरासं वर, आणि कागदावर हे हुबेहूब हिमोलिसिस दिसतं. इथे परत स्लाइडच वाचवते, स्फेरोसाइटच्या फौजेऐवजी काटेरी अॅकॅन्थोसाइट आणि हेल्मेटसारखे तुकडे, म्हणजे शिस्टोसाइट, दिसायला लागले तर पोटाची सोनोग्राफी करायला सांगायची. मोठ्या वयाच्या, मोठ्या जातीच्या कुत्र्यात तर हे आधी डोक्यात यायला हवं. अशा गाठीत थोड्या स्फेरोसाइटही सापडू शकतात, म्हणून मोजणं महत्त्वाचं, "दिसल्या" एवढं लिहून भागत नाही.

आणि एक बारीक गोष्ट, प्लाझ्मा लालभडक असेल तर रिफ्रॅक्टोमीटर प्रोटीन खोटं जास्त दाखवतो. तेव्हा त्या आकड्यावर फार भार टाकू नका.

स्फेरोसाइट दिसल्या म्हणजे आयएमएचए पक्का?

भरपूर असतील तर सगळ्यात जास्त शक्यता तीच, पण एकमेव नाही. जस्त पोटात जाणं, म्हणजे नाणं किंवा धातूचा नटबोल्ट गिळलेलं पिल्लू, मधमाश्यांचे खूप डंख, काही सर्पदंश, ह्यातही स्फेरोसाइट होतात. आणि आधी दुसऱ्या कुत्र्याचं रक्त दिलेलं असेल तर साठवणीतल्या पेशी चेंडूसारख्या होऊन आलेल्या असतात, त्या बघून निदान करणं म्हणजे पाहुण्याला घरचा समजण्यासारखं आहे. म्हणून सॅम्पल रक्त चढवायच्या *आधी* काढा.

स्फेरोसाइट नाहीत पण हिमोलिसिस आहे, असं होतं का?

होतं. प्रत्येक हिमोलिसिस अँटीबॉडीनेच होतो असं नाही.

कांदा-लसूण, पॅरासिटामॉल किंवा जस्ताने हिमोग्लोबिन बिघडतं आणि त्याचा गोळा भिंतीला चिकटतो, ती हाइन्झ बॉडी. नेहमीच्या स्टेनमध्ये पेशीच्या कडेला फिकं नाक आल्यासारखं दिसतं आणि सहज नजरेतून सुटतं, न्यू मिथिलीन ब्लूमध्ये मात्र गडद निळा ठिपका. सोबत एक्सेन्ट्रोसाइट असतात, ज्यांचं सगळं हिमोग्लोबिन एका बाजूला सरकून दुसरी बाजू रिकाम्या पिशवीसारखी झालेली असते. अशा पेशी दिसल्या की मी फोन करून एकच विचारतो, घरी काय खाल्लंय त्याने? बऱ्याचदा समोरचा आधी "काही नाही" म्हणतो आणि मग पाच मिनिटांनी आठवतं.

दुसरं म्हणजे बेबेसिया, गोचिडीतून येणारा लाल पेशींमधला परजीवी. मोठी जात पेशीत नासपतीच्या आकाराच्या जोड्यांनी बसते, बेबेसिया गिब्सोनी मात्र बारीक अंगठीसारखी, आणि स्टेनचा कण समजून सोडून दिली जाते. परजीवी असलेल्या पेशी स्मिअरच्या कडेला आणि टोकाला जास्त गोळा होतात, म्हणजे इथे बघायची जागा मोनोलेयरच्या उलट. कानाच्या टोकाचं रक्त घेतलं तर सापडायची शक्यता थोडी वाढते. न सापडल्यास "नाही" असं लिहायचं नाही, पीसीआरला पाठवायचं. आणि बेबेसिया स्वतःच इम्यून हिमोलिसिस चालू करू शकतो, त्यामुळे स्फेरोसाइट आणि बेबेसिया एकाच स्लाइडवर दिसले तरी दचकू नका.

हिमोलिसिसची सगळी लक्षणं आहेत पण स्मिअरमध्ये रिजनरेशनच नाही. मग?

आजार किती दिवसांचा ते विचारा. मॅरोला माल तयार करून बाहेर सोडायला ३ ते ५ दिवस लागतात. दुसऱ्याच दिवशी सॅम्पल आलं तर निळसर पेशी दिसणार कुठून? दोन-तीन दिवसांनी परत स्मिअर करा. पण पाच-सहा दिवस उलटूनही रिजनरेशन नाही आणि स्फेरोसाइट मात्र भरपूर, तर अँटीबॉडी मॅरोमधल्या कोवळ्या पेशींवरच हल्ला करत असू शकते. आयएमएचएचे बरेच कुत्रे पहिल्या दिवशी नॉन-रिजनरेटिव्हच असतात, म्हणून "रिजनरेशन नाही म्हणजे हिमोलिसिस नाही" हे वाक्य रिपोर्टमध्ये वाचलं की मला त्रास होतो.

लघवी लाल आहे, म्हणजे रक्त जातंय ना?

लघवी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून बघा. तळाला लाल पेशी बसल्या आणि वरचं पिवळं झालं तर खरंच रक्त जातंय. फिरवूनही वरचं लालच राहिलं आणि सोबत प्लाझ्माही लाल असेल तर ते पेशी फुटून सुटलेलं हिमोग्लोबिन. लाल लघवीबरोबर प्लाझ्मा स्वच्छ असेल तर स्नायूंकडे बघा, तो मायोग्लोबिन असू शकतो. पण प्लाझ्मा लाल दिसला की आधी रक्त काढतानाच पेशी फुटल्या नाहीत ना तेही बघायचं, बारीक सुईने जोरात ओढलेलं सॅम्पल असंच दिसतं.

सॅम्पल पाठवताना काय करायचं?

ईडीटीए ट्यूब खुणेपर्यंत भरा, कमी रक्त घातलं तर ईडीटीए जास्त होऊन पेशी आकसतात. आणि ट्यूबबरोबर रक्त काढल्या काढल्या केलेले दोन न रंगवलेले, हवेत वाळवलेले स्मिअर द्या. हे मी हात जोडून सांगतो. ट्यूब तासन्‌तास गाडीत फिरली की पेशी फुगतात, काट्याकाट्याच्या होतात आणि मग स्फेरोसाइट खरी का सॅम्पल जुनं झाल्याची ते सांगता येत नाही. स्लाइड फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढली की तिच्यावर दव धरतं आणि पेशी फुटतात. फॉर्मलिनच्या डब्याशेजारीही नको, नुसत्या वाफेने स्टेन बिघडतो. स्टेरॉइड चालू केलं असेल, रक्त चढवलं असेल, तर फॉर्मवर तारखेसकट लिहा. मागच्याच आठवड्यात एका स्लाइडवर अर्धा तास घातला आणि शेवटी फोनवर कळलं की कुत्र्याला आदल्या रात्री एक बाटली रक्त दिलेलं होतं.